नथीच्या मोत्यांना दात

अकरा वर्षं रसिका पालांडे दागिने कापत होती. कापत म्हणजे फोटोतले. सोनाराच्या दुकानातून फोटो यायचे, मखमलीवर ठेवलेली नथ, मागे कुणाचा तरी अंगठा, कोपऱ्यात चहाचा कप. रसिकाने फक्त नथ उचलायची आणि बाकी सगळं पुसून टाकायचं. एकेका मोत्याच्या कडेने ती माउस असा फिरवायची, की मोत्याला धक्का लागल्याचं मोत्यालाही कळू नये. दिवा स्टेशनजवळच्या एका खोलीत, पाण्याने भरलेल्या पिंपाशेजारी टेबल टाकून तिने हे काम उभं केलं होतं आणि त्यावर तिचं घर चालत होतं. ठाणे ते कल्याण कुणालाही विचारा, बारीक कटआउट म्हटलं की रसिकाताईंचं नाव निघायचं.

ते नाव विनीतने एका दुपारी मातीत घातलं.

विनीतचं माजिवड्याला ऑफिस होतं. तो दुकानदारांची वेबपानं बनवायचा आणि कटआउट रसिकाकडून घ्यायचा. डोंबिवली पूर्वेच्या सुहासिनीताईंचं नथींचं जुनं दुकान होतं. त्यांच्यासाठी त्याने एक पान बनवलं. बाईने त्यात आपला फोटो टाकायचा, एकशे चाळीस नथींतली एक निवडायची आणि ती नाकात घालून बघायची. कल्पना झकास होती. सुहासिनीताईंनी ते पान आपल्या फोनवर उघडलं, तर चेहरा अगदी स्वच्छ आणि नथ मात्र कुरतडलेली. मोत्यांच्या कडांना करवतीसारखे दात.

विनीतने क्षणभरही विचार केला नाही. समोर सुहासिनीताई, त्यांची दोन माणसं आणि दारात उभी रसिका. तो म्हणाला, "कटिंगवाल्या बाईंचा हात सुटलाय. वय झालं की होतं असं." वय चाळीस. मग त्याने आपला लॅपटॉप वळवून दाखवला. त्यावर तीच नथ गुळगुळीत होती. त्यालाही त्याच्याकडे उत्तर तयार होतं. लॅपटॉपची स्क्रीन जाडीभरडी, तिथे चुका लपतात, फोनची स्क्रीन बारीक, तिथे उघड्या पडतात. सुहासिनीताई शिकलेल्या बाई, पण हे ऐकायला इतकं पटण्यासारखं होतं की त्यांनी मान डोलावली. हुशार माणसाचं खोटं असंच असतं, अर्धं खरं. फोनची स्क्रीन बारीक असते, एवढं त्यातलं खरं होतं.

एवढ्यावर थांबला असता तरी रसिकाने गिळलं असतं. पण संध्याकाळी कटआउटवाल्यांच्या ग्रुपवर, जिथे ठाणे-कल्याणची दोनशे माणसं होती आणि जिथून सगळ्यांना कामं मिळायची, त्याने लिहिलं, की रसिका पालांडे यांना काम देताना कडा तपासून घ्या. खाली कुणीतरी हात जोडलेलं चित्र टाकलं. पुढच्या आठवड्यात तिची दोन कामं गेली, त्याच्या पुढच्या आठवड्यात उरलेली. रसिकाला राग आला, आणि तिचा राग भांडी आपटणारा नव्हता. तो शांत बसून धार लावणारा होता.

तिने आधी स्वतःवर संशय घेतला, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. एक नथ तिने थेट फोनवर उघडली. बोटांनी मोठी केली, अजून मोठी केली. मोत्याची कड गोल, मऊ, जशी हवी तशी. मग तीच नथ त्याच फोनवर विनीतच्या पानात बघितली. दात. म्हणजे फाइल चांगली आणि पान वाईट. मग ते पान तिने लॅपटॉपवर उघडलं आणि कंट्रोल दाबून अधिकचं बटण दाबत राहिली, तीनशे टक्के होईपर्यंत. पानावरची अक्षरं मोठी झाली आणि स्वच्छ राहिली. नथीला तिथेही दात फुटले. रसिका खुर्चीत मागे टेकली. बऱ्याच दिवसांनी तिला भूक लागली.

कारण मात्र तिला कळत नव्हतं. म्हणून तिने सलिलला गाठलं. तो पूर्वी विनीतकडेच होता, आता माजिवड्याच्याच एका कंपनीत पानं लिहायचा. जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा बाजूला सारून पान आतून उघडलं आणि दोन मिनिटांत हसायला लागला.

"ताई, चेहऱ्याचा फोटो साधा खाली ठेवलाय, म्हणून तो नीट दिसतो. नथ वरच्या कॅनव्हासवर काढलीय. कॅनव्हास म्हणजे कागद समजा, तीनशे साठ ठिपके रुंद. विनीतच्या लॅपटॉपवर कागदाचा एक ठिपका म्हणजे स्क्रीनचा एक ठिपका. जमलं. पण फोनवर तेवढ्याच जागेत आडवे तीन, उभे तीन, असे नऊ ठिपके असतात. कागद तर तेवढाच. मग फोन त्याचा एकेक ठिपका ताणून नऊवर पसरतो."

ताणल्यावर खरं तर नथ नुसती धूसर दिसायची, दात इतके टोकदार दिसायचे नाहीत, असंही तो म्हणाला. पण धूसर दिसतंय म्हणून विनीतने आणखी एक ओळ टाकली होती, ताणताना रंग एकमेकांत मिसळू नका, अशी. त्यामुळे प्रत्येक ठिपक्याचा चौकोनी ठोकळा झाला. आणि तपासताना हा गडी लॅपटॉपची खिडकी फोनएवढी अरुंद करून बघायचा. त्याने आकार फोनचा होतो, ठिपके लॅपटॉपचेच राहतात. रसिकाच्या नथी मुळात अठराशे ठिपक्यांच्या होत्या, त्यात बारकावा हवा तेवढा होता. कागदच छोटा होता.

उपाय सलिलने त्याच दिवशीच्या चहाच्या पावतीच्या पाठीमागे लिहून दिला. कॅनव्हासचे ठिपके स्क्रीनच्या पटीने वाढवायचे, फोन तिप्पट असेल तर तिप्पट. पानावरची त्याची दिसणारी रुंदी तेवढीच ठेवायची. चित्र काढतानाही तीच पट लावायची, नाहीतर नथ कोपऱ्यात इवलीशी येईल. आणि ती ठोकळेवाली ओळ पुसायची. "त्याला फोन करून सांगून टाका," सलिल म्हणाला.

रसिकाने पावती घडी करून पर्समध्ये ठेवली. सांगणार होती ती. पण फोनवर, एकट्याला? तिची अब्रू चारचौघांत गेली होती.

तीन आठवड्यांनी सुहासिनीताईंच्या दुकानात त्या पानाचा शुभारंभ होता, लग्नसराईच्या तोंडावर. रसिका ती तारीख धरून बसली.

मध्ये एक फोन आला. मोहने गावची प्रियांका, तेवीस वर्षांची, या धंद्यात नवी. रसिकाच्या जागी विनीतने तिला घेतलं होतं. एकशे चाळीस नथी तिने पुन्हा कापल्या होत्या, आणि दात तसेच होते. विनीतने ग्रुपवर तिचंही नाव टाकलं होतं. ती रडत होती. "ताई, तुम्हीच सांगा ना, माझं कुठे चुकतंय?"

रसिकाच्या पर्समध्ये पावती होती. हिला सांगितलं तर ही विनीतला सांगणार, आणि विनीत गुपचूप दुरुस्त करून मोकळा होणार. रसिका म्हणाली, "कडेपासून एक ठिपका आत कापून बघ." याने काही होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. प्रियांकाने तिचे आभार मानले आणि एकशे चाळीस नथी तिसऱ्यांदा कापायला बसली.

शुभारंभाच्या दिवशी रसिका ठेवणीतली साडी नेसून डोंबिवलीला गेली. दुकानात पन्नासेक बायका, पेढे, दाराशी फोनवर पान उघडायचा क्यूआर कोड. ग्रुपमधलीही पाचसहा माणसं आलेली. कोपऱ्यात प्रियांका उभी, डोळ्यांखाली काळं. बायका फोन पुढे धरून नथ बघत होत्या आणि एकमेकींना दाखवत होत्या. एकीने मोठ्याने विचारलं, की नथ उंदराने खाल्लीय का. सुहासिनीताईंचा चेहरा उतरला. विनीतने लगेच सुरुवात केली, की नवी मुलगी आहे, तिचा हात अजून बसलेला नाही.

"विनीत," रसिका पुढे होऊन म्हणाली, "तुझ्या लॅपटॉपवर तरी नीट दिसते ना नथ?"

त्याने लॅपटॉप वळवला. दिसतच होती.

"आता कंट्रोल दाब आणि अधिक दाब. दाबत राहा."

त्याला नाही म्हणता येईना, सगळ्या त्याच्याकडेच बघत होत्या. त्याने दाबलं. तीनशे टक्क्यांवर त्याच्याच लॅपटॉपवर मोत्यांना दात आले, बाजूची अक्षरं स्वच्छ राहिली. मग रसिकाने आपल्या फोनवर नुसती फाइल उघडून सुहासिनीताईंच्या हातात दिली. तिथे मोती गोल होता. हळूहळू, कुणालाही समजेल अशा शब्दांत, तिने कागदाची आणि ठिपक्यांची गोष्ट सांगितली. विनीतचे कान लाल होत गेले आणि रसिका ते डोळे भरून बघत राहिली. फार बरं वाटलं तिला, खोटं कशाला सांगा.

सुहासिनीताईंनी विचारलं, "आत्ता दुरुस्त होईल का हे?"

"होईल. त्याने आधी ग्रुपवर लिहायचं. माझं कटिंग बरोबर होतं आणि चूक त्याच्या पानात होती, असं. माझं पूर्ण नाव घालून."

"घरी जाऊन टाकतो ना ताई," विनीत पुटपुटला.

"इथेच."

त्याने लिहिलं. आलेल्या पाचसहा जणांच्या फोनची टिकटिक झाली. रसिकाने मेसेज दोनदा वाचला, पर्समधून पावती काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. अर्ध्या तासात पान दुरुस्त झालं. बायकांनी फोनवर पुन्हा उघडलं आणि नथी उजळून आल्या, मोत्यांच्या आतली सावलीसुद्धा दिसली. विनीतने पावती घडी करून स्वतःच्या खिशात घातली.

प्रियांका रसिकाच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिने फोन पुढे केला. ग्रुपवर विनीतचा मेसेज होता. "माझं नाव नाही यात."

रसिका विनीतकडे वळली. हिच्याही नावाने एक ओळ टाक, हिचंही कटिंग बरोबर होतं अशी, असं तिने सांगितलं. विनीत लॅपटॉप बॅगेत भरत होता. तुम्ही तुमच्यापुरतं मागितलंत, ते मी दिलं, म्हणाला, आणि दुकानाबाहेर पडला. त्याला अडवायला रसिकाच्या हातात आता काही उरलं नव्हतं.

"ताई, ती पावती केव्हाची?" प्रियांकाने विचारलं. "तो घडी घालत होता तेव्हा तारीख दिसली मला. मी फोन केलेला, त्याच्या आधीची आहे."

रसिकाने फोन उघडला. तिने लिहिलं, की प्रियांकाचं कटिंगही बरोबर होतं, तिला बिनधास्त काम द्या. पुढे तिने लिहायला घेतलं, की मला हे आधीपासून माहीत होतं. ते वाक्य तिने बघितलं. दोनशे माणसं. आजच धुऊन निघालेलं नाव. तिने ते खोडलं आणि उरलेलं पाठवलं.

प्रियांकाने ते वाचलं, फोन पर्समध्ये टाकला आणि पेढा न घेताच दाराकडे निघाली. जाताना ती थांबली.

"अर्धंच लिहिलंत, ताई."