छत्तीस पंखे आणि एक शिफारस

अहवाल मंजूर झाला. पहिल्या झटक्यात, एकही दुरुस्ती न सुचवता, वर "छान!" असा शेरा मारून. संस्थेत असं आजवर कधीच झालं नव्हतं. तर हे आत्ताच विसरून जा. असं काही घडलंच नाही असं धरून आपण सोमवारपासून सुरुवात करू. ते घडायला नकोच होतं.

सोमवारी तो दुरुस्ती केंद्रावर पोचला. संस्थेतला सर्वांत धाकटा कार्यक्रम अधिकारी, पाठीला लॅपटॉप, हातात अहवालाचा नमुना. केंद्र म्हणजे एक लांबट खोली, एक मोठं टेबल आणि घरगुती यंत्रं दुरुस्त करायला शिकलेल्या सहा बायका. आठवडाभर राहायचं, बघायचं, विचारायचं आणि प्रकल्पाने लोकांचं आयुष्य कसं बदललं ते बारा पानांत लिहायचं, एवढंच काम.

सहाजणींची म्होरकी मिक्सरमावशी. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"एक दिवस की दोन?"

"आठवडा."

"अगं बाई," मावशी मागे वळून म्हणाली, "चटई काढा. मुक्कामाचा आहे."

चटई आली, सगळ्या गोल करून बसल्या, आणि कोणी काही न सांगताच मावशीने एक मिक्सर पुढ्यात घेऊन उघडायला सुरुवात केली. चार स्क्रू, बुडाचं झाकण, आतले झिजलेले कार्बन ब्रश. "आधी मला स्विचला हात लावायचीही भीती वाटायची," ती एका सुरात म्हणाली, "आता मी स्वतःच्या पायावर उभी आहे." मग ती थांबली.

"इथे फोटो काढतात," मावशीने समजावलं.

त्याने काढला.

"काय बिघडलंय याचं?" त्याने विचारलं.

"काही नाही. चांगला होता. पाहुण्यांना दाखवायला उघडून उघडून स्क्रूचे आटे गेले. आता तो खरंच बिघडलाय, पण दुरुस्त करायला वेळ कुणाला आहे?"

मंगळवार, बुधवार त्याने एकेकीची मुलाखत घेतली. प्रत्येकी पाऊण तास, नमुन्यात तसंच लिहिलं होतं. गुरुवारी गटचर्चा. चर्चेत "तुमच्या कामातल्या अडचणी कोणत्या?" असं विचारल्यावर सहाही जणी इतक्या सभ्यपणे छताकडे बघायला लागल्या की त्यालाही वर बघावं लागलं. वर काही नव्हतं. पंखे खाली होते. भिंतीला टेकवून, पाती काढून, एकावर एक रचलेले.

"हे कुणाचे?"

"शाळेचे. छत्तीस आहेत," मावशी म्हणाली. "पुढच्या शनिवारपर्यंत द्यायचेत. सोमवारी शाळा उघडते. नाही दिले तर शाळेच्या मोठ्या बाई सगळे बाजारातल्या दुकानात नेणार, आणि दरवर्षीचं काम कायमचं त्या दुकानाचं. सहा घरांचं वर्षाचं अर्धं काम आहे हे, पाहणीदादा."

"मग करत का नाही?"

सर्वांत लहान बाईने खोकल्यासारखं केलं, पण तो खोकला नव्हता.

गुरुवारी दुपारी तो पुरावे जमवायला बसला. केंद्रात दोन वह्या होत्या. एकीत कुठली वस्तू कधी आली, काय बिघडलं होतं, कधी दुरुस्त होऊन गेली. दुसरी पाहुण्यांच्या अभिप्रायांची. त्याने दोन्ही वह्या शेजारी ठेवून तारखा जुळवल्या. जिथे दुसऱ्या वहीत "अत्यंत प्रेरणादायी!" होतं, तिथे पहिलीत काहीच नव्हतं. देणगीदार आले, शून्य दुरुस्त्या. विश्वस्त आले, शून्य. दुसऱ्या संस्थेचे वीसजण शिकायला आले, शून्य. वर एक इस्त्री आणखी बिघडली. गेल्या तीन महिन्यांत एकोणतीस दिवस केंद्र केवळ प्रेरणादायी होतं. शेवटचे चार कोरे दिवस सोमवार ते गुरुवार. ते त्याचे.

त्याला एकदम घाम फुटला. आणि पंखे सगळे खाली.

शुक्रवारी त्याने चटई गुंडाळून कपाटावर टाकली, वही बंद केली आणि कोपऱ्यात बसून निमूटपणे पाती पुसली. कुणी बोललं नाही, कुणाचं आयुष्य बदललं नाही. बेअरिंग बदलली, कंडेन्सर बदलले, एक वाइंडिंग जळालेला पंखा मावशीने इतक्या शिव्या घालून भरला की तो लाजेने फिरायला लागला असावा. शुक्रवार-शनिवार मिळून नऊ पंखे झाले.

"सत्तावीस राहिले," मावशी म्हणाली. "सहा दिवस. रोज साडेचार. बरोब्बर बसतंय. एक दिवस जरी इकडचा तिकडे झाला, तर गेलं."

"कुणी येणार नाही. मी लिहितो."

"लिहाल?"

"स्पष्ट लिहितो."

"आणि तो फोटो काढून टाका. त्यात मी उगाच स्वतःच्या पायावर उभी आहे. बसले होते मी."

रविवारी त्याने लिहिलं. मुख्य निष्कर्ष: केंद्राच्या कामातला सर्वांत मोठा अडथळा म्हणजे केंद्राला दिल्या जाणाऱ्या भेटी, प्रस्तुत भेट धरून. परिशिष्टात दोन्ही वह्यांच्या तारखा. शिफारस: सहा महिने कोणीही जाऊ नये. शिफारशींच्या तक्त्यात "जबाबदार व्यक्ती" असा रकाना असतो. तिथे त्याने "आपण सर्व" लिहिलं. "मुदत" या रकान्यात, "ताबडतोब".

सोमवारी सकाळी अहवाल गेला. दुपारी त्याच्या वरिष्ठ मॅडमनी बोलावलं.

"छान!" मॅडम म्हणाल्या. "इतकं प्रामाणिक कुणी लिहीतच नाही. देणगीदारांना पाठवलासुद्धा. ते तर भारावून गेलेत."

"म्हणजे भेटी बंद?"

"अर्थात! फक्त एकाच माणसाचं निरीक्षण आहे ना हे. पडताळायला नको? उद्यापासून तिघांचं पथक जातंय. चारच दिवस."

"कुठे?"

"केंद्रावर. भेटींमुळे काम थांबतं का, हे प्रत्यक्ष बघायला. व्हिडिओवालाही आहे बरोबर. त्या मावशींना सांग, भेटींचा कसा त्रास होतो ते कॅमेऱ्यासमोर बोलायचं. हातात काहीतरी असू दे त्यांच्या. मिक्सर वगैरे."

"मॅडम, तारखा तर परिशिष्टात आहेत. शनिवारी पंखे द्यायचेत."

"वा! मग तर अगदी वेळेवर जातायत. ताण दिसेल."

तो बाहेर जिन्यात आला आणि मावशीला फोन लावला. मागून हातोडीचा आवाज येत होता, म्हणजे काम चालू होतं, आणि त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्ही लिहिलंत ना, येऊ नका म्हणून?" मावशी म्हणाली.

"लिहिलं."

"मग?"

"खरंच येऊ नये का, ते बघायला येतायत."

हातोडी थांबली. मग मावशी लांब कुणाला तरी म्हणाली, "अगं, चटई कुठे टाकलीये त्याने?"

तो जागेवर परत आला. मॅडमच्या दाराकडे एकदा बघितलं, लॅपटॉप उघडला आणि योग्य त्या मार्गाने, विषय आणि संदर्भ घालून, एक अर्ज लिहिला:

"महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर पथकाने दिनांक मंगळवार ते शुक्रवार या कालावधीत, प्रत्यक्ष न जाता, केंद्रास भेट देऊन परत आल्याचे समजण्यात यावे, तसेच पथकाच्या उपस्थितीमुळे न झालेले अठरा पंखे त्याच कालावधीत झाल्याचेही समजण्यात येऊन, ते शनिवारपूर्वी फिरू लागतील अशी व्यवस्था आपल्या स्तरावर करण्यात यावी, ही नम्र विनंती."