माणशी हिस्सा

बोअर आटला त्या रविवारी घरमालक दत्तरावांनी आम्हा भाडेकरूंना अंगणात बोलावलं. नगरपालिकेचा नळ पंधरा दिवसांतून एकदा येत होता. हौदात टँकर टाकल्याशिवाय मे निघणार नव्हता.

"भाड्यात एवढं बसत न्हाई," ते म्हणाले. "टँकरचा खर्च वाटून घ्यावा लागंल. खोलीमागं सारखा."

वर राहणाऱ्या सविताताईंना ते पटलं. त्यांच्या घरी पाच माणसं. आई पायरीवर शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "खोलीला तहान लागती व्हय, मालक? माणशी धरा. आमी दोघीच. आन् तुमच्या घरचे चार बी धरा, न्हाईतर तुमी काय हवा पिऊन ऱ्हाता?"

सगळे हसले. दत्तरावही हसले आणि माणशी हिस्सा ठरला.

वर जाताना सविताताई म्हणाल्या, "मावशी, लय महागात पाडलं तुमी."

"पोरायला कमी आंघोळ घाला," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तू पुण्याची नोकरी धरली असतीस तर माझा एकटीचाच हिस्सा. माझ्यापायी अडकलीस बघ."

मी शेंगांची टरफलं गोळा करत राहिले. रात्री आम्ही कढी-भात खाल्ला, तिने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावलं आणि मध्येच घोरू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जिंतूरच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर होते. सविताताईंचा फोन आला. मी पोचेपर्यंत डॉक्टर निघून गेले होते.

आईच्या तेराव्यापर्यंत पाहुणे होते. तेवढ्या दिवसांत दोन टँकर आले. दत्तरावांनी आमच्याकडून काहीच घेतलं नाही. पाहुणे गेल्यावर तिसरा आला. पाइप हौदात पडलेला, ड्रायव्हर सावलीत उभा, आणि दत्तराव आमच्या दारात.

"ताई, तुमच्याकडचं आता एक धरतो."

"दोन धरा."

"आं?"

"ठरलंय तसं. दोन."

जिन्यात थांबलेल्या सविताताई हळूच म्हणाल्या, "आमच्यावर थोडं जास्ती पडलं तरी चालतंय, ताई. त्याचं मनावर घेऊ नका."

"पैशाचं न्हाई हो," दत्तराव म्हणाले. त्यांनी खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं. "नसलेल्या माणसाचं पाणी कसं लावू तुमच्या नावावर? मावशीच भांडून गेल्या माणशी म्हणून."

हौदात पाणी धो धो पडत होतं. आई असती तर टँकर पुरता भरलेला होता का, म्हणून ड्रायव्हरला विचारलं असतं. मी कठड्याला धरून उभी राहिले. ते वाट बघत होते. घाई कुणीच केली नाही.

"एक धरा," मी म्हणाले.

आत आले. दार लोटलं. तिची सतरंजी अजून भिंतीशी गुंडाळलेली होती. मी तिच्यापाशी खाली बसले. बाहेर टँकर रिकामा होऊन निघून गेला, तेव्हा कुठे आवाज फुटला.

"आई, तुझ्यापायी नाही अडकले मी. मलाच तुझ्याजवळ राहायचं होतं."