बसून घेतलेलं माप

"सोमवारपासून मी कामावर," आत्याने जाहीर केलं, "आणि कपडे माझे मी घालणार."

मानेच्या मणक्याच्या दुखण्यानंतर आत्या व्हीलचेअरवर आली आणि तिच्या बोटांतला जोर गेला. जिभेचा शाबूत राहिला. रोज सकाळी तिची वहिनी तिला कपडे घालायची, तेही अगदी मायेने, पार्सल बांधावं तसे.

शिंपीमास्तर घरी आले. त्यांनी आत्याला पलंगावर आडवं करून रीतसर माप घेतलं आणि पँट शिवून आणली. पडल्यापडल्या ती झकास बसली. खुर्चीत बसताच मागचा पट्टा कमरेखाली घसरला, पुढे कापडाचा गोळा झाला आणि पायांचे घोटे उघडे पडले.

"मास्तर, मी ऑफिसला पडून जाणार नाही."

शर्टाचं तर विचारूच नका. वरून शोभेची बटणं, आत लोहचुंबक. आत्याला पेसमेकर नाही ना, हे मास्तरांनी आधी विचारून घेतलं होतं, आणि मग बाजारातले सर्वांत दणकट चुंबक बसवले.

"घोडा बांधला तरी सुटणार नाही," मास्तर अभिमानाने म्हणाले.

"घोडा नाही, मी आहे आत!" आत्या दोन्ही हातांनी पट्टी ओढत होती. पट्टी ढिम्म.

"अहो ताई, मी घालते की," वहिनी पुढे सरसावली.

"तू जागची हलू नकोस. मास्तर, बसा खुर्चीत."

आत्या पलंगावर सरकली, मास्तर खुर्चीत बसले. वहिनीने तो शर्ट आत्याच्या अंगावरून उतरवून त्यांच्या अंगावर चढवला आणि हातांत ओव्हनचे जाड हातमोजे घातले.

"आता काढा."

मास्तर झटले, घामाघूम झाले. शेवटी त्यांनी दातांचा विचार केला, पण कवळी आठवली. गुमान मोजे काढून त्यांनी टेप उचलला. "ताई, बसा खुर्चीत. माप बसूनच घेतो."

नवी पँट मागून उंच, पुढून बुटकी, पायांत लांब. बैठकीखाली टोचेल अशी जाड शिवण नाही, मागे खिसा नाही. दोन्ही बाजू कमरेपासून मांडीपर्यंत उघडणाऱ्या, वेल्क्रोच्या, आणि टोकाला अंगठा अडकेल असा फास. शर्टाचे चुंबक हलके. पट्टी सरळ न ओढता बाजूला सरकवली की सुटणारे.

सोमवारी आत्याने दार लोटून घेतलं. बाहेर वहिनी दाराला कान लावून उभी राहिली.

"झालं का हो?"

"नाही."

चहा निवला. दुसरा केला, तोही निवला.

"मी येऊ?"

"आलीस तर खबरदार!"

आतून टक्, टक् असे आवाज येत राहिले. मग दार उघडलं. आत्या कामाच्या कपड्यांत, घामेजलेली. शर्टाची पट्टी मात्र एका जागी चुकीच्या चुंबकाला चिकटून वाकडी बसली होती. वहिनीचा हात आपोआप पुढे गेला.

"हात लावायचा नाही," आत्या म्हणाली. "ती मी लावलीय." आणि खुर्ची वळवून लिफ्टकडे निघाली.