ज्यानं टाकला त्यानंच

अमृता कामावरून घरी आली तेव्हा तिचे वडील रामकिसन ओट्यावर रस्त्याकडं पाठ करून बसले होते. तिच्या गाडीचा आवाज आला तरी त्यांनी मान वळवली नाही. आत आईनं, वच्छलाबाईंनी, हळूच सांगितलं, की दुपारी कृष्णा येऊन गेला आणि तेव्हापासून हे असेच बसून आहेत.

कृष्णा म्हणजे चिकलठाण्याच्या कारखान्यातला रामकिसनचा जुना सोबती. तो चहा पिता पिता सहज बोलून गेला होता, की दादा, तुमचा तो व्हिडिओ आता लागत नाही, यूट्यूबवाल्यांनी काढून टाकला वाटतं. त्याला वाटलं, ही चांगली बातमी आहे. रामकिसन कप खाली ठेवून ओट्यावर जाऊन बसले.

तो व्हिडिओ अमृताच्या भावानं, इंद्रजीतनं टाकला होता. रामकिसन कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त होणार होते. निरोपाच्या कार्यक्रमात बोलायचं म्हणून ते कपाटाच्या आरशासमोर बनियनवर उभे राहून भाषणाचा सराव करत होते. 'सेवानिवृत्ती' हा शब्द काही केल्या जिभेवर बसेना. चार वेळा अडखळले, पाचव्यांदा बनियननंच डोळे पुसले. इंद्रजीतनं दाराच्या फटीतून ते सगळं टिपलं, मागं हसण्याचे आवाज लावले आणि आपल्या चॅनलवर चढवलं. लाखो लोकांनी पाहिलं. निरोपाच्या दिवशी रामकिसन मंचावर गेले, तर मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी तसंच अडखळत तो शब्द म्हटला आणि अख्खं कॅन्टीन हसलं. त्यांनी शाल घेतली, हात जोडले आणि खाली उतरले.

घरी येऊन त्यांनी पोराला एवढंच सांगितलं, की काढ तो. इंद्रजीत म्हणाला, एवढा चाललाय, तो कसा काढू? आणि त्यात वाईट काय हाय, लोक ओळखायला लागले तुम्हाला. त्यानंतर बापलेकांत बोलणं उरलं नाही. पुढं त्याला पुण्यात नोकरी लागली. आईला फोन यायचा, तोही वडील बाहेर गेले असतील तेव्हा.

अमृता औरंगपुऱ्यात एका स्टुडिओत गायकांच्या गाण्यांचे व्हिडिओ जुळवायचं काम करायची. कुणाचं गाणं कुणी उचललं, कुणाचा व्हिडिओ कशानं उडाला, हे तिचं रोजचंच होतं. वडिलांच्या त्या व्हिडिओच्या नकला भलत्याच चॅनलवर निघाल्या, तेव्हा तिनं त्यांना शेजारी बसवून त्यांच्याच नावानं तक्रारी भरल्या, की हा माणूस मी आहे आणि मला विचारल्याशिवाय हे टाकलंय. तीनचार नकला तशा गेल्याही. मग तिनं मूळ व्हिडिओ उघडला. रामकिसननी तिचा हात धरला.

"त्याचा नको. परक्यांचे काढ. त्याचा त्यानं काढावा."

तिनं समजावून पाहिलं होतं, की तक्रार गेली की त्याला कळवतात, काढायला मुदत देतात, बऱ्याचदा पोरं घाबरून स्वतःच काढतात. रामकिसन म्हणाले होते, घाबरून काढलेला मला नको.

म्हणून आज ते पाठ फिरवून बसले होते. अमृता शेजारी जाऊन टेकली, तसं त्यांनी विचारलं,

"तक्रार केलीस ना तू? मी नाय म्हणलो होतो तुला."

"नाय केली, बाबा."

"मग दुसऱ्या कुणी केली आसंल. ते एकच."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. कशाची तरी वाट पाहून थकलेल्या माणसाचा तो आवाज होता. अमृताला तेव्हा प्रथमच नीट उमगलं, की वडील त्या व्हिडिओचा तिरस्कार करत होते आणि तरीही तो तिथं असणं त्यांना हवं होतं. तो असेपर्यंत पोराला तो काढायची संधी होती.

तिनं फोन काढला. मूळ व्हिडिओची लिंक तिच्याकडं होती. ती दाबली. चित्राच्या जागी काळा चौकोन आला आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी. तिनं त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या. मग तिनं काढल्या गेलेल्या एका नकलेची जुनी लिंक शोधून काढली आणि तीही उघडली.

"बाबा, हे बघा. हा परक्याचा. इथं काय लिहिलंय? तिसऱ्या व्यक्तीच्या खासगीपणाच्या तक्रारीमुळं हा व्हिडिओ आता उपलब्ध नाही. ही आपली तक्रार. तक्रारीवरनं कंपनीनं काढला की असं येतं. त्यांचा नियम मोडला म्हणून काढला, तर तसं लिहून येतं. गाण्याच्या हक्काचं भांडण असलं तर दावा कुणाचा, त्याचं नाव येतं."

"आन् त्याच्यावर?"

तिनं फोन त्यांच्या हातात दिला. स्टोअरमध्ये आयुष्यभर मालाच्या पेट्यांवरचं इंग्रजी वाचलेले रामकिसन एकेक शब्द जुळवत ओठ हलवू लागले. एका शब्दाशी थांबले.

"अपलोडर म्हंजी?"

"ज्यानं टाकला तो. ज्यानं टाकला त्यानंच काढलाय, असं लिहिलंय."

मग रामकिसननी वकिलासारखे एकेक प्रश्न विचारले. चॅनलच बंद पडलं असलं तर? तर खातं बंद झालं असं आलं असतं, आणि त्याचे बाकीचे व्हिडिओ आहेत की, हे बघा. नुसता लपवला असला तर? तर खासगी आहे असं आलं असतं. लपवलेला परत दाखवता येतो, हा पुसलाय, परत येत नाही. कुणी तक्रार केल्यावर भिऊन काढला असला तर?

इथं अमृता अडली. तेवढं त्या ओळीवरून कळत नव्हतं, आणि तिला वडिलांशी खोटं बोलायचं नव्हतं.

"ते इथं लिहून येत नाय. पण खासगीपणाची तक्रार ज्याची त्यालाच करावी लागते, बाबा. ती तुमच्याशिवाय कोण करणार? आणि दुसरं कायबी असलं तरी, बटण दाबणारं बोट त्याचंच हाय. ते त्यालाच विचारावं लागंल."

वच्छलाबाई दारात येऊन उभ्या होत्या. कोणी काही सांगायच्या आधीच त्यांनी पदर तोंडाला लावला होता. रामकिसननी फोन अमृताकडं दिला आणि म्हणाले, लाव त्याला.

बहिणीचा फोन म्हणून इंद्रजीतनं लगेच उचलला. अमृतानं स्पीकर लावून फोन वडिलांच्या हातात दिला, तसे रामकिसन खाकरले.

"मी हाय."

पलीकडून रस्त्याचा आवाज येत होता, म्हणून रामकिसननी फोन तोंडाजवळ नेला.

"काढलास व्हय रं तू?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" इंद्रजीतचा आवाज एकदम लहान झाला होता. त्याला वाटलं होतं, कुणाला कळणारही नाही.

"लिहिलंय की तिथं. ज्यानं टाकला त्यानं काढला म्हणून."

मग इंद्रजीत तुटक तुटक बोलू लागला. हापिसातल्या एका पोरानं जेवायच्या सुट्टीत सगळ्यांना फोनवर तो व्हिडिओ दाखवला. त्याला ठाऊक नव्हतं, हा कुणाचा बाप. सगळे हसत होते. "मला हसता आलं नाय, बाबा. आणि माझे वडील हायेत हे सांगायची पण लाज वाटली. तुमची नाय. माझी."

रामकिसननी डोळे मिटून घेतले. बोलायला गेले आणि शब्द फुटेना. अमृता फोन घ्यायला पुढं झाली, तर त्यांनी हातानंच तिला थांबवलं. इंद्रजीत पलीकडं थांबून राहिला. त्यानं मधे शब्द घातला नाही, घाई केली नाही.

"आईनं मेथी निवडलीय," शेवटी रामकिसन म्हणाले. "तू रविवारी येणार आसशील तर उद्याची भाजी थांबवतो."

"येतो," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर वच्छलाबाई म्हणाल्या, की मेथी काही रविवारपर्यंत टिकायची नाही. रामकिसन म्हणाले, मग ताजी आणू, आणि चपला शोधू लागले, जणू बाजाराला आत्ताच निघायचं होतं.