फायदा क्रमांक तीन

सुप्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात सायमन साळवे सोळा वर्षं मेंटेनन्स बघत होता. त्याच्या आजोबांचा बँड होता. नाताळात चर्चमध्ये वाजायचा, लग्नसराईत वरातीपुढे. त्या बँडवर कादंबरी लिहायची म्हणून सायमनला दहा महिन्यांची बिनपगारी रजा हवी होती. जागा राखावी, सेवा खंडित धरू नये, एवढंच मागणं.

"अर्जात तुमची हौस नको, कंपनीचा फायदा घाला," बायको रेबेका म्हणाली होती. त्याने तीन फायदे घातले. पगार वाचेल. हाताखालचा कल्याण दराडे जबाबदारीला तयार होईल. तिसऱ्यावर तो स्वतःच खूश होता.

एचआरच्या अश्विनी ढाकणे मॅडमनी अर्ज पुढे सरकवला. "हा तिसरा वाचून दाखवा."

सायमनने घसा साफ केला. "पत्रे दाबायच्या मोठ्या प्रेसच्या प्रत्येक बिघाडावरचा उपाय माझ्या डायरीत आहे. रजेआधी दोन महिन्यांत तो मराठीत टाईप करून, कल्याणला शिकवून, कंपनीच्या हवाली करीन."

"म्हणजे आजवर खिशातच होता?"

चोराच्या मनात चांदणं. त्याचा हात खिशावर गेला.

मॅडमनी दुसरी फाईल उघडली. "मागच्या नाताळात तुम्ही रजेवर. प्रेस सहा तास बंद. दराडेंना मेमो. त्यांचा खुलासा, 'सेटिंग फक्त साळवे सरांना ठाऊक.' त्यावर तुमचा शेरा, 'निष्काळजीपणा.'"

कल्याणला बोलावलं. तो ग्रीसच्या हातांनी दारातच थांबला.

"सतरा फोन केल्ते सर तवा. मंग म्हनलात, चर्चमधी हुतो."

"होतो ना."

"सहा तास? लई भक्ती तुमची!"

सायमनचे कान तापले. समोरच्या रिकाम्या कपातला नसलेला चहा तो प्यायला.

"मी शिफारस करते," मॅडम म्हणाल्या. "प्लांट हेड नाही म्हणायचे नाहीत, फायदा खरा आहे. दराडे एकटे प्रेस सुरू करून दाखवतील त्या दिवसापासून रजा. पण मेमो मागे घ्यायला कारण लागतं. ते तुम्ही लिहा. आत्ता, इथंच."

तीनशे पानांची कादंबरी मनात तयार असलेल्या माणसाला पहिलं वाक्य सुचेना. 'नजरचुकीने' असं त्याने लिहिलं.

"नजर न्हवती चुकली सर," कल्याण दारातून म्हणाला.

सायमनने ते खोडलं. 'सेटिंग मी मुद्दाम कुणाला सांगितलं नव्हतं. दराडेंची चूक नाही.' खाली सही केली. अक्षर शाळकरी पोरासारखं आलं होतं.

मग त्याने डायरी काढून दिली. कल्याणने आधी पँटला हात पुसले.

"नाताळातल्या बिघाडाचं पान कुठलं?"

"एक्केचाळीस," सायमन पटकन म्हणाला. पाठच होतं.

कल्याणने पान काढलं. दोन ओळी होत्या. त्याने एकदा वाचल्या, मग बोट ठेवून पुन्हा वाचल्या.

"एवडंच हुतं?"

"एवढंच," सायमन म्हणाला, आणि मॅडमकडे न बघता खुर्ची मागे सारू लागला.