एक पान, स्वतःच्या हाताने

साबणाच्या कारखान्यात तिला सगळे नकटी म्हणत. नाक बसकं, पण असं तिखट की कुठल्या पिंपात कोणता स्वस्तातला वास घुसवलाय, हे ती झाकण निघताच सांगे. बारा वर्षं तिने हेच केलं. आता एका जुन्या फ्रेंच अत्तर कंपनीला वास तपासणारं माणूस हवं होतं. शहर दुसरं, राहायला खोली कंपनीची. नवऱ्याच्या हातून जिवंत सुटायचं तर हाच एक दरवाजा होता, आणि अर्ज आज पाचच्या आत टपालात पडायला हवा होता.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. हिच्या लग्न मोडण्यालाही तेवढीच होती.

तिने मराठीत तीन पानं लिहून आणली होती. बाजारात भाषांतराचं छोटं दुकान चालवणाऱ्या दुभाषीबाईंनी त्यांचं फ्रेंचमध्ये एक पान केलं. डावीकडे वर हिचा पत्ता, त्याखाली उजवीकडे कंपनीचा, मग विषय, मग "महोदया, महोदय".

"बाई, वडील वारले ते कुठे गेलं?" नकटीने तेव्हा विचारलं होतं.

"अर्जात रडगाणं चालत नाही तिकडे. आधी त्यांच्याविषयी, मग तुझ्याविषयी, मग दोघांचं कसं जमेल ते."

"आणि 'हात जोडून विनंती'?"

"तेही काढलंय. 'प्रत्यक्ष भेटीत अधिक सांगायला आवडेल', एवढं पुरे. मूळ पत्र मराठीत होतं, हे मात्र लिहिलंय. खोटं बोलून गेलीस तर पहिल्याच दिवशी तोंडावर पडशील."

सगळं पटलं. अडलं ते एकाच अटीवर. कंपनी जुन्या वळणाची, पत्र उमेदवाराच्याच हस्ताक्षरात हवं. नकटी घरी ती परकी अक्षरं गिरवत बसली आणि नवऱ्याने विचारल्यावर खरं सांगून बसली. त्याने तिच्या उजव्या हाताची बोटं दाराच्या फटीत धरली आणि दार लावलं. मग उघडून पुन्हा लावलं. मेल्याने नाक फोडलं असतं तर नोकरीच संपली असती. पण अक्कल गहाण टाकलेल्याला मारायचं कुठे, हेही कळत नाही.

आज ती प्लास्टरमधला हात घेऊन आली, तेव्हा दुभाषीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रागही आला, स्वतःचाच. ती अट आपणच मोठ्याने वाचून दाखवली होती.

"आण, मी लिहिते. कोणाला कळणारे?"

"मला कळेल ना, बाई." तिने डाव्या हातात पेन घेतलं. मनगटावर जुना भाजल्याचा डाग होता. "लहानपणी मी डावरीच होते. आईने तापलेलं उलथणं लावून सोडवलं. यांना ठाऊक नाही."

पहिला कागद डागाळला, दुसऱ्यावर एक शब्द गळला. खाडाखोड चालणार नव्हती. चौथ्या कागदावर अक्षर सरळ झालं. शेवटी ते लांबलचक वाक्य आलं, "महोदया, महोदय, माझ्या आदरपूर्वक नमस्काराचा स्वीकार व्हावा". दुभाषीबाई म्हणाल्या, "हे थोडकं करता येईल गं."

"नको. रीत असेल तर पुरी पाळू."

तिने सही केली, तोच दुकानाचं दार धाडकन उघडलं. तिच्या मागावर आलेला नवरा आत शिरला. त्याने एका हाताने तिचे केस धरून डोकं टेबलावर आपटलं, दुसऱ्याने कागद उचलून दातांनी फाडला. दुभाषीबाई मध्ये पडल्या, तर त्यांना ढकलून कपाटावर फेकलं. त्यांच्या तोंडात रक्ताची चव आली.

"लिही की आता!" तो खेकसला आणि प्लास्टरवर मूठ हाणली. नकटी किंचाळली. त्याचं सगळं लक्ष त्या उजव्या हाताकडे होतं.

टेबलावर भाषांतरांवर उठावाचा शिक्का मारायचं ओतीव लोखंडाचं यंत्र होतं, चांगलं दोन किलोचं. ते डावीकडून आलं. पहिल्या घावाला त्याचं नाक फुटलं. दुसऱ्याला तो गुडघ्यावर आला. तिसरा घाव घालायला हात वर गेला, तेव्हा दुभाषीबाईंनी तो धरला.

"पुरे. याच्यापायी तुरुंगात जाऊ नकोस."

आवाज ऐकून शेजारचा छपाईवाला धावत आला. त्याने नवऱ्याला उताणा पाडला आणि छातीवर गुडघा दाबून ठेवला. दुभाषीबाईंनी पोलिसांना फोन लावला. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

नकटीने कपाळावरचं रक्त ओढणीने पुसलं, लोखंड जागेवर ठेवलं आणि कोरा कागद पुढे ओढला.

"अगं, पोलीस येतायत."

"येऊ देत. तोवर पत्ता तरी होईल." ती लिहू लागली. या वेळी अक्षर पहिल्या ओळीपासून सरळ आलं. अर्ध्या पानावर ती थांबली, प्लास्टरकडे बघून हसली.

"बरं झालं बाई, ते 'हात जोडून' तुम्ही काढलंत. आता जोडायचे म्हटले तरी जुळणार नाहीत."