सील तुमच्यासमोर

आत्याचे हात बघायला लोक येत, तोंड कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या भाचीचा, म्हणजे बबडीचा, खोकी उघडून दाखवायचा चॅनेल होता. त्यात टेबलावरचं राखाडी कापड, एक खोकं आणि आत्याचे दोन हात, एवढंच दिसायचं. आवाजही आत्याचाच. निवृत्तीआधी आत्या एका दवाखान्यात रक्त काढायची आणि तिने सुई टोचलेली कळायचीही नाही, असं लोक सांगत. ते हात नुसते घरी बसून मटार सोलणार होते. बबडीने ते कामाला लावले, त्याला तीन वर्षं झाली होती.

बबडी तिशीची, कुटुंबात सगळ्यांत धाकटी म्हणून बबडी. नाव मवाळ, बाई कडक. दर व्हिडिओ पंचेचाळीस सेकंदांचा, एकही जास्त नाही. सेकंदाला दोन शब्द धरून ती नव्वद शब्द लिहायची आणि एक्याण्णवावा निघाला की आधीच्यापैकी एकाचा बळी द्यायची. तिच्या कागदावर डावीकडे सेकंद असत, उजवीकडे मजकूर. पहिल्या तीन सेकंदांत एक प्रश्न टाकायचा, नाहीतर बघणारा अंगठा सरकवून पुढे जातो. अकराव्यापर्यंत खोकं फिरवायचं, वजन सांगायचं, हलवून आवाज ऐकवायचा, म्हणजे आत काय असेल हे बघणाऱ्याला खायला उठतं. अठराव्यापर्यंत सील. विसाव्याला वस्तू. मग वीस ते अडतीसच्या चौकोनात बबडी काहीच लिहायची नाही. तिथे फक्त असायचं : ‘खरं काय वाटलं ते.’ शेवटची सात सेकंदं, कुणी घ्यावं आणि कुणी घेऊ नये.

त्या रिकाम्या चौकोनासाठीच आत काय आहे ते आत्याला कधी सांगत नसत. कंपनीने वस्तू फुकट पाठवली असेल तर तसं पडद्यावर लिहून यायचं. आणि चॅनेलच्या नावाखाली एक ओळ होती, बबडीला स्वतःच्या नावापेक्षा प्रिय : ‘सील तुमच्यासमोर फुटतं.’

ते फुटत नव्हतं. निदान शेवटच्या अकरा वेळा तरी नाही.

आत्याच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दोन वर्षांपासून दुखत होतं. डॉक्टरने एक्स-रे काढून सांगितलं, सांधा झिजलाय, चिमटीत जोर येणार नाही. जोर येत नव्हताच. बरणीचं झाकण, कुलपाची किल्ली, दुधाची पिशवी, सगळ्यांशी तिचं भांडण चालू होतं. चारचौघांत ती एक शब्द बोलली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ तर नीट झाकताही येत नव्हती.

लपवायला तिने युक्ती काढली होती. गुरुवारी दुपारी ती अर्धा तास आधी यायची. बबडी आतल्या खोलीत कागद पक्का करत असे. आत्या स्वयंपाकघरात कोमट पाण्यात हात शेकायची, मग टेबलापाशी जाऊन दोन्ही हातांनी कटर धरून खोक्याच्या टेपवर, बरोबर जोडाच्या रेषेवर, सावकाश पातं फिरवायची. टेप बोटाने पुन्हा दाबून ठेवली की वरच्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही. चित्रण सुरू झालं की टेप अशी अलगद निघायची, की खाली लोक लिहीत, ‘काय सुरेख हात आहेत!’ आत्या ते वाचायची. दोनदा वाचायची.

हे लबाडीचं होतं, हे तिला कळत होतं. पण महिन्याभरापूर्वी एका मुलीने स्वतःच्या हातांची चित्रफीत बबडीला पाठवली होती. नखं बदामी, बोटं लांब, वय बावीस. बबडी म्हणाली होती, “ठेवून देते, कधी लागलं तर.” गुरुवार गेला तर आठवड्यात उरतं काय? नुसती वाट बघायचे सहा बुधवार.

त्या गुरुवारी खोकं साधं तपकिरी होतं, वीतभर लांब. आत्याने नेहमीप्रमाणे पातं फिरवलं. मग कॅमेरावाला आला. उंच, किडकिडीत, म्हणून त्याला सगळे ट्रायपॉड म्हणत. त्याने दोन्हीकडचे दिवे लावले, टेबलावर झुकलेला कॅमेरा ताठ खाली रोखला.

“एकच आलंय,” बबडी म्हणाली. “दुसरं खोकं नाही, त्यामुळे दुसरा टेकही नाही. आत्या, पाणी प्यायलीस?”

“प्यायले गं बाई. खोकंच उघडायचंय, बोहल्यावर चढायचं नाही.”

ट्रायपॉडने ‘सुरू’ म्हणून हात खाली केला.

“हे खोकं इतकं हलकं आहे, की आत काही ठेवायला विसरले का?” आत्याने पहिला प्रश्न टाकला. मग खोकं फिरवलं, तळहातावर तोललं, कानाशी नेल्यासारखं हलवलं. आत काहीतरी टकटकलं. हे तिचं आवडतं. या आठ सेकंदांत हातांना जोर लागत नाही, नुसतं डौलाने वळायचं असतं. टेप निघाली. अलगद. झाकण उघडलं.

आत दुसरं पाकीट होतं. कडक, पारदर्शक प्लास्टिकचं, चारही कडांना उष्णतेने चिकटवलेलं. त्यात एक लांब दांडा आणि पुढे दातेरी तोंड. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं : हातात जोर नाही? कुठलंही झाकण सहज उघडा.

आत्याने ते मोठ्याने वाचलं, कारण दुसरं काही सुचेना. मग कडेला बोट घातलं. प्लास्टिक हललंसुद्धा नाही. अंगठा लावला आणि कळ थेट कोपरापर्यंत गेली. दुसरी कड. तिसरी. कॅमेरा वरून शांतपणे बघत होता. वेळ चालली होती. ट्रायपॉडने चौकटीबाहेर हात धरून बोटांनी पंचवीस दाखवले.

एखादी गंमत करून सुटता आलं असतं. ‘कात्री कुठंय?’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण वीस ते अडतीसचा चौकोन चालू होता आणि तिथे काय लिहिलंय ते तिला पाठ होतं.

“हे मला उघडत नाही,” आत्या म्हणाली. “माझा अंगठा दोन वर्षं कामातून गेलाय. ज्यांच्या हातात जोर नाही त्यांच्यासाठी वस्तू केलीय, आणि पाकिटाला पैलवान लागतो. आणखी एक. मागची अकरा सीलं मी आधीच कापून ठेवली होती. हे बाहेरचंही. तुमच्यासमोर फुटलं नाही. चुकलं माझं.”

“चव्वेचाळीस,” ट्रायपॉड पुटपुटला आणि कॅमेरा बंद केला.

बबडीने कागद खाली ठेवला. आत्याने हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतले. मग तिलाच राहवेना. “हात दाखवून अवलक्षण झालं,” ती म्हणाली.

“अंगठ्याचं मला का नाही सांगितलंस?”

“तू बदामी नखं आणली असतीस.”

“आणलीही असती,” बबडी म्हणाली. तिला खोटं गोड बोलता येत नसे. “पण सील कापलंस, आत्या. अकरा वेळा! लोक माझ्या एका ओळीवर विश्वास ठेवून बघतात. कोणकोणती, सांग.”

आत्याने आठवून सांगितली. बबडीने एकेक कागदावर उतरवली. प्रत्येक व्हिडिओखाली आज खुलासा जाईल म्हणाली. तिचं अक्षर रागाने मोठं येत होतं. आत्याला रडू आलं, पण हलकंही वाटलं. मोठ्या कुणी कीव करण्यापेक्षा लहानाने झापलेलं बरं, असं तिला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

“पण आता हे अन्यायाचं होतंय,” बबडी खोकं जवळ ओढत म्हणाली. “आपण पाकिटाला नावं ठेवली. वस्तू कुठं बघितली?”

तिने जाड कात्री आणली आणि पाकीट कापलं. ट्रायपॉडने पुन्हा कॅमेरा लावला. स्वयंपाकघरातली लोणच्याची बरणी आली, आत्या गेले कैक महिने शेजारणीकडून उघडून घेत असे तशीच. आत्याने दातेरी तोंड झाकणाला अडकवलं, अंगठा बाजूला ठेवून दांडा नुसत्या तळव्याने ढकलला. झाकण फिरलं. तिला आधी खरं वाटेना. तिने ते परत बसवलं आणि परत उघडलं.

“अगं बाई!” ती म्हणाली. “दुखलं नाही.”

ते अकरा सेकंदांचं झालं. आणि तिथेच घोडं अडलं. बबडीने संगणकावर दोन्ही तुकडे जोडले. चव्वेचाळीस आणि अकरा, पंचावन्न.

“दहा जायला हवीत,” ती म्हणाली. पडद्यावरची रेघ मागेपुढे सरकवत राहिली. सीलची कबुली दहा सेकंदांची भरत होती. खुलासे खाली लेखी जाणारच होते. ती कापली तर पाकीट, अंगठा, वस्तू, सगळं राहत होतं. बबडीने आत्याकडे पाहिलं नाही. “तू सांग. तुझं आहे ते.”

आत्या पडद्याशी वाकली. कबुली कापायला एक बोट पुरलं असतं. कुणी विचारलं नसतं. तिने व्हिडिओ पहिल्यापासून लावायला सांगितला. खोकं फिरत होतं, तळहातावर तोललं जात होतं, हात वळत होते. खरंच सुरेख वळत होते. एवढे चांगले ते पुन्हा दिसणार नव्हते, हेही तिला ठाऊक होतं.

“हे काढ,” ती म्हणाली.

“सुरुवात? मग उत्सुकता कशी वाढणार?”

“‘हे मला उघडत नाही’ हे वाक्य पहिलं लाव ना. पुढे उघडतं की नाही, हे बघायला माणूस थांबतो. मी थांबले असते.”

बबडीने ते वाक्य पुढे आणून प्रश्न कापला, तोलणं कापलं, हलवणं कापलं. पहिली तेरा सेकंदं गेली, खोक्याची नुसती टेप निघताना राहिली. पडद्यावर ‘पाकीट कात्रीने उघडलं’ असं बारीक लिहिलं. बेचाळीसच झाली. तीन सेकंदं उरली, आणि बबडीच्या हिशेबात असं कधी झालं नव्हतं.

“काहीतरी दाखवायला हवं,” ट्रायपॉड म्हणाला. “नुसतं कापड चालेल. किंवा वस्तू टेबलावर.”

“मी अजून रागावलेय,” बबडी आत्याला म्हणाली.

“रागाव गं. मी कुठं नको म्हणते?” आत्या उठली, दिव्याखाली गेली आणि उजवा हात राखाडी कापडावर पालथा ठेवला. अंगठ्याचं मूळ सुजून वर आलं होतं. तिने बाही मागे सारली.

“हे घे,” ती ट्रायपॉडला म्हणाली. “जवळून घे.”